काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो: जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती आणि रंगकाम सशुल्क करणाऱ्यांसाठी

गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. २००८ च्या सप्टेंबरमध्ये पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेले आणि नदीकाठच्या जुन्या वाड्यांमध्ये शिरले. त्या पुरात भिजलेले फोटो आजही माझ्याकडे दुरुस्तीला येतात, कारण भिजलेली फ्रेम पुसून तशीच पुन्हा भिंतीवर लावायची आणि पुढची अनेक वर्षे तिच्याकडे पाहायचे नाही, हीच बहुतेक घरांची रीत असते. असाच एक फोटो या लेखासाठी निवडला आहे. १९६१ सालच्या लग्नाचा, आठ बाय दहा इंचांचा, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला हा कृष्णधवल फोटो काचेला घट्ट चिकटला होता. काम देणारा नातू बंगळुरूला राहतो आणि फोटो नाशिकला त्याच्या आत्यांच्या घरी होता. हे काम नव्याने सुरू करणाऱ्याला पुढे ज्या अडचणी येतात, त्यांपैकी बहुतेक या एका फोटोत एकत्र आल्या होत्या.

सुरुवातीलाच एक तत्त्व सांगतो. जुन्या फोटोच्या कामात दोन वेगळ्या गोष्टी असतात: फोटोत होते ते परत मिळवणे आणि फोटोत नव्हते ते घालणे. फाटलेला काठ सांधणे हे पहिल्या प्रकारचे काम आहे, तर रंग भरणे हे पूर्णपणे दुसऱ्या प्रकारचे आहे. संगणकावरच्या लेयरमध्ये, दरपत्रकात आणि परत द्यायच्या फाइलींमध्ये ही दोन्ही कामे वेगळी ठेवली, तर ग्राहकाशी होणारे बहुतेक वाद उद्भवतच नाहीत.

फोटो हाती येतो तेव्हा

नातवाने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोचा फोटो पाठवला. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो लहान करून पाठवते; त्यात बारीक पोत जातो आणि डाग प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतात. अशा चित्रावरून काम स्वीकारावे की नाही एवढेच ठरवावे. दर सांगू नये. ग्राहकाला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा, खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात उभे राहावे आणि मोबाइल फोटोच्या पृष्ठभागाला समांतर धरावा, हेही सोबत कळवावे.

त्याच वेळी एक ताकीद द्यावी: काचेला चिकटलेला फोटो सोडवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. अशा जुन्या फोटोची प्रतिमा जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेली असते. ओलाव्याने जिलेटिन फुगते, चिकट होते आणि सुकताना काचेला धरून बसते. ओढले तर प्रतिमा काचेवर राहते आणि हातात कोरा कागद येतो. पाण्यात भिजवून सोडवावा असे काही जण सुचवतात. पण बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळू शकते, त्यामुळे तो उपायही नको. काचेसह आहे तसाच फोटो टिपणे हाच सुरक्षित मार्ग आहे. स्टुडिओचे जुने फोटो स्वीकारताना हक्काची शंका अनेकांना येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो. म्हणून घरच्या लग्नाच्या फोटोला अडचण येत नाही. पुस्तकातून किंवा वर्तमानपत्रातून घेतलेल्या फोटोचे काम मात्र परवानगी पाहिल्याशिवाय घेऊ नये.

डिजिटल प्रत

सुटा, सपाट फोटो असेल तर साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआय आणि १६ बिट ठेवून स्कॅन करावा. चार बाय सहा इंचांच्या फोटोचे त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे दुप्पट आकाराची छपाई निर्धास्त होते. कागदावरच्या जुन्या फोटोत ६०० च्या पलीकडे सहसा नवा तपशील सापडत नाही. १२०० चा उपयोग पासपोर्ट आकाराच्या लहान फोटोंना होतो. स्कॅनरमधले ‘धूळ काढा’, ‘रंग सुधारा’ यांसारखे सगळे पर्याय बंद ठेवावेत.

आमचा फोटो स्कॅनरवर ठेवून पाहिला आणि तो धूसर आला. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त, पातळ स्कॅनरची नजर काचेला अगदी लागून असलेल्या वस्तूपुरतीच चालते. मध्ये फ्रेमच्या काचेची जाडी आली की चित्र हरवते. म्हणून तो कॅमेऱ्याने टिपला. फ्रेमची मागची फळी आणि खिळे काढून काच व फोटो एकत्रच टेबलावर ठेवले, कॅमेरा वरून समांतर लावला आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकसारखे दोन दिवे ठेवले. दिव्यांपुढे ध्रुवीकरण करणारी फिल्म आणि भिंगावर पोलरायझर लावून भिंगावरचा पोलरायझर हळूहळू फिरवला की एका क्षणी काचेची चमक जवळजवळ नाहीशी होते. जुन्या फोटोच्या काळ्या भागात निळसर, पाऱ्यासारखी झाक दिसते, तीही बरीच कमी होते. चांदी पृष्ठभागाशी येऊन साचल्यामुळे ती झाक आलेली असते, आणि संगणकावर ती काढणे फार कष्टाचे असते. दिव्यांच्या या मांडणीला तासभर गेला, पण पुढचे दोन-तीन तास वाचले.

कॅमेऱ्यातून आलेली प्रत कापून ५००० बाय ४००० पिक्सेलची राहिली. १६ बिटच्या रंगीत टिफ स्वरूपात ती साधारण १२० एमबीची होते. सोळा बाय वीस इंचांवर छापली तर इंचाला २५० पिक्सेल मिळतात, म्हणजे भिंतीवरच्या फ्रेमला पुरेसे. ही फाइल ‘मूळ’ या नावाने वेगळी ठेवावी, तिची दुसऱ्या डिस्कवर एक प्रत करावी आणि तिच्यावर पुन्हा कधीही काम करू नये.

दुरुस्ती

काचेला चिकटलेल्या फोटोचा एक खास दोष असतो. चिकटलेला भाग काचेतून गडद आणि ओला दिसतो, तर सुटलेला भाग फिका दिसतो. त्यामुळे चित्रावर नकाशासारखे आकार उमटतात. नवखा माणूस इथेच ब्रशने रंगवायला लागतो. त्याऐवजी फिक्या भागांभोवती निवड करावी, तिची कड मऊ करावी आणि ‘कर्व्ह’ लेयरने तेवढा भाग गडद करून शेजारच्या भागाशी जुळवावा. असे केल्याने खालचा तपशील जिवंत राहतो. या फोटोत असे नऊ तुकडे होते आणि दुरुस्तीचा निम्मा वेळ त्यांनीच घेतला.

त्यानंतर चिरा आणि डाग. ही दुरुस्ती नेहमी वेगळ्या रिकाम्या लेयरवर करावी, म्हणजे चूक झाली तर तेवढीच पुसता येते. मोकळ्या पार्श्वभूमीवर हीलिंग ब्रश उत्तम चालतो. पण गडद कोटाच्या किंवा साडीच्या काठाजवळ तो शेजारचा काळा रंग ओढून आणतो आणि धुरकट डाग पडतो. तिथे क्लोन स्टॅम्पच वापरावा. भरलेला भाग आजूबाजूच्या दाणेदार पोतापेक्षा गुळगुळीत दिसला तर त्यावर थोडा नॉइज घालावा आणि चित्र १०० टक्के आकारात ठेवून जुळले का ते पाहावे. शेवटी सर्वांत वर एक तात्पुरता, अगदी नागमोडी कर्व्ह लेयर ठेवावा. चित्र विचित्र दिसू लागते, पण साध्या नजरेतून सुटलेले ठिगळ त्यात लगेच उघडे पडते.

चेहऱ्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. वधूच्या डाव्या गालाचा एक तुकडा गेला होता. उजवा गाल उलटा करून तिथे बसवला तर चेहरा पूर्ण होतो, पण उजेड एका बाजूने आलेला असल्याने सावली चुकते, शिवाय कोणाचेही दोन गाल सारखे नसतात. म्हणून आत्यांकडून त्याच सुमाराचा वधूचा दुसरा फोटो मागवला आणि गालाचे वळण त्यावरून घेतले. मागच्या रांगेतल्या एका मुलाचा चेहरा मात्र पूर्ण गेला होता आणि त्याचा दुसरा फोटो कोणाकडेही नव्हता. तो चेहरा मी बनवला नाही. तिथला डाग शेजारच्या करड्या छटेत मिसळून दिला आणि तसे लेखी कळवले. चेहरे आपोआप ‘स्पष्ट’ करणारी साधने अशा जागी क्षणात सुबक डोळे-नाक बसवून देतात, पण ते डोळे त्या घरातल्या कोणाचेही नसतात. परक्याला हे कळत नाही, बहिणीला मात्र लगेच कळते.

रंग

कृष्णधवल फोटोतल्या करड्या छटेवरून रंग ओळखता येत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावे लागते. गडद हिरवा, गडद लाल आणि जांभळा हे तिन्ही एकाच करड्या छटेत उतरू शकतात. त्यात लाल प्रकाश न टिपणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल वस्तू आणखी काळी दिसते, त्यामुळे कुंकू काळ्या टिकलीसारखे आले म्हणून ते काळे नव्हते. आपोआप रंग भरणारी साधनेही फक्त अंदाज करतात. त्यांना रंग माहीत नसतो.

म्हणून ब्रश हातात घेण्याआधी विचारपूस करावी. या फोटोतली वधूची पैठणी येवल्याची होती यावर घरात एकमत होते, पण रंगावर नव्हते. आत्या म्हणाल्या, “वहिनीचा शालू हिरवाच होता, मला पक्कं आठवतंय.” धाकट्या काकूंना तो वांगी रंगाचा आठवत होता. सुदैवाने ती पैठणी ट्रंकेत जपून ठेवलेली होती. मी आत्यांना एवढेच सांगितले, “साडी पूर्ण उलगडू नका, आतल्या घडीचा भाग पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा.” आतल्या घडीला उजेड कमी लागलेला असतो, म्हणून तिथला रंग मूळ रंगाच्या सर्वांत जवळचा असतो, आणि शेजारी पांढरा कागद असला की मोबाइलने रंगात केलेली गडबड दुरुस्त करता येते. रंग वांगी निघाला. आत्यांना आठवत असलेला हिरवा पदर दुसऱ्या कोणाच्या लग्नातला असावा. त्यावर त्या आजही पूर्ण समाधानी नाहीत.

एका पानावर तीन रकान्यांची टिपण करावी: पुराव्याने ठरलेले रंग, कोणी सांगितलेले रंग आणि आपण धरून चाललेले रंग. या फोटोत पैठणी पहिल्या रकान्यात गेली. हिरवा चुडा आणि वराची काळी टोपी दुसऱ्यात. मागचा पडदा, खुर्ची आणि पाहुण्यांचे कपडे तिसऱ्यात गेले, आणि तिसऱ्या रकान्यातल्या सगळ्या वस्तूंना मी मंद, मातकट रंग दिले, म्हणजे अंदाजाने दिलेला रंग डोळ्यांत भरत नाही. हे पान ग्राहकाकडून मंजूर झाल्यावरच रंगाला हात लावावा.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. दुरुस्त केलेले चित्र खाली ठेवावे, प्रत्येक वस्तूसाठी वर स्वतंत्र लेयर घ्यावा आणि त्याचा ब्लेंड मोड फोटोशॉपमध्ये `Color`, तर गिम्पमध्ये `HSL Color` ठेवावा. या पद्धतीत खालचा उजेड-अंधार तसाच राहतो आणि वरचा फक्त रंग चढतो. त्यामुळे पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या जागी रंग बसतच नाही. पैठणीच्या काठाची जर चकाकते तिथे पांढरीच राहील, तिला सोनेरी करायला जोर लावू नये. चकाकीच्या कडेला हलका पिवळसर-तपकिरी दिला की जर ओळखू येते.

त्वचेला एकच रंग दिला तर चेहरा मेणाचा दिसतो. कपाळ थोडे पिवळट असते, गाल, नाक आणि कान लालसर असतात आणि सावलीतला भाग तपकिरी असतो. म्हणून मी त्वचेला तीन लेयर देतो आणि तिन्ही हलके ठेवतो. नवख्याची नेहमीची चूक म्हणजे रंगाचा भडकपणा. रंगकाम संपले की सर्व रंगांचे लेयर एका गटात घेऊन त्यांची तीव्रता शंभरवरून सत्तर-ऐंशीवर आणावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे.

दर

सुरुवातीला मी माणसांच्या संख्येवर दर सांगत असे आणि तोट्यात जात असे, कारण स्वच्छ फोटोतली दहा माणसे भिजलेल्या फोटोतल्या दोघांपेक्षा सोपी असतात. आता मी फोटोतला सर्वांत खराब एक चौरस इंच निवडतो, त्यावर वीस मिनिटे काम करतो आणि किती हलले ते पाहून तासांचा अंदाज बांधतो. वेळ खरोखर तीन गोष्टी खातात: खराब झालेले चेहरे, नक्षीचे कापड आणि मोठे असमान डाग. कोऱ्या पार्श्वभूमीवरच्या चिरा भयानक दिसतात, पण लवकर निघतात.

माझा दर तासाला ३०० रुपये आहे. या कामाचा हिशेब असा झाला: फोटो आणून टिपण्याचे दोन तास, ६०० रुपये, दुरुस्तीचे सात तास, २१०० रुपये, विचारपुशीसह रंगाचे पाच तास, १५०० रुपये, आणि बदल, फाइली तयार करणे व पाठवणे यांचे दोन तास, ६०० रुपये. एकूण ४८०० रुपये. आपला दर वेगळा असू शकतो, पण हे चार भाग ग्राहकाला वेगळे दाखवावेत. तसे केले की ज्याला रंग नको आहे तो ३३०० रुपयांत स्वच्छ कृष्णधवल प्रत घेऊ शकतो, आणि अनेक जण अगदी तेच निवडतात. माझ्या मते बहुतेक वेळा तीच निवड बरोबरही असते.

निम्मी रक्कम काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी आणि उरलेली नमुना पसंत पडल्यावर, फाइली देण्याआधी. नमुना लांब बाजूला १२०० पिक्सेलचा असावा. त्यावर वॉटरमार्कची खूण टाकायची ती कपड्यांवर टाकावी. चेहऱ्यावर टाकली तर चेहरा जुळला की नाही हे ग्राहकाला ठरवताच येत नाही. चेहरा ओळखीचा वाटत नसेल तर ती दुरुस्ती मोफत करावी; मंजूर झालेल्या टिपणीतला रंग नंतर बदलायचा असेल तर त्याचे पैसे लावावेत. आणखी एक सावधगिरी: ‘पैसे पाठवतो, फक्त यूपीआय पिन टाका’ असे सांगणारा ग्राहक ग्राहक नसतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

फाइली परत करणे

ग्राहकाला तीन टिफ द्याव्यात: मूळ, दुरुस्त कृष्णधवल आणि रंगीत. पहिली आणि तिसरी प्रत्येकी सुमारे १२० एमबीची, कृष्णधवल करड्या स्वरूपात सुमारे ४० एमबीची. सोबत मोबाइलवर पाहण्यासाठी आणि छपाईसाठी एसआरजीबी रंगातले जेपेग आणि रंगांच्या टिपणीचे पान द्यावे. सगळे मिळून तीनशे एमबीच्या आसपास जाते. टिफ लहान करण्यासाठी एलझेडडब्ल्यू पर्याय निवडू नये. १६ बिटच्या चित्रांत त्याने फाइल उलट मोठीही होते. लेयर असलेली एक-दीड जीबीची फाइल आपल्याकडे राहते. ती हवी असेल तर आधीच ठरवून घ्यावे.

हे ईमेलला जोडून जात नाही. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. गुगल ड्राइव्हसारख्या जागेत फोल्डर ठेवून दुवा देणे सोपे असते, पण ‘ज्याच्याकडे दुवा त्याला प्रवेश’ ही सोय वापरू नये. तो दुवा घरच्या ग्रुपवर टाकला जातो, तिथून पुढे जातो आणि लग्नातल्या सगळ्या बायका-माणसांचे मोठे फोटो कोणाकडे पोहोचले हे कोणालाच कळत नाही. फोल्डरला फक्त ग्राहकाच्या ईमेल पत्त्यापुरता, पाहण्याचा प्रवेश द्यावा. संगणकाशी फारशी ओळख नसलेल्या ग्राहकाला एवढे पुरते.

फोटो खाजगी ठेवावेत असा ग्राहकाचा आग्रह असेल, तर फोल्डर आधी 7-Zip ने पासवर्ड घालून बंद करावे:

```
7z a -p -mhe=on vivah_1961.7z vivah_1961
```

`-p` मुळे आज्ञा पासवर्ड विचारते, आणि `-mhe=on` मुळे पासवर्डशिवाय आतल्या फाइलींची नावेही दिसत नाहीत. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नये. फोनवर तोंडी सांगावा. ग्राहकाकडेही 7-Zip असावे लागते, म्हणून आधी विचारून घ्यावे, नाहीतर रात्री दहाला “फाइल उघडत नाही” असा फोन येतो.

नातवाने फाइल उतरवली आणि कळवले, “काका, रंगीत फोटोचा खालचा अर्धा भाग करडा दिसतोय.” उतरवताना जोडणी तुटली होती. हे ओळखण्यासाठी फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूणसंख्या, म्हणजे हॅश, पाठवून ठेवावी. विंडोजवर ती अशी मिळते:

```
certutil -hashfile vivah_1961_rangit.tif SHA256
```

दोन्हीकडे अक्षरे-आकडे अगदी सारखे आले तर फाइल पूर्ण आहे. एक अक्षर वेगळे असले तरी पुन्हा उतरवावी. त्याच्याकडची संख्या वेगळी आली, दुसऱ्यांदा उतरवल्यावर जुळली.

काचेसह मूळ फोटो कुरिअरने पाठवू नये. तो मी आत्यांच्या हातात नेऊन दिला आणि काच न काढता, ओल न येणाऱ्या आतल्या भिंतीवर टांगायला सांगितले. काम दाखवण्यासाठी ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जोडी स्वतःच्या पानावर टाकायची असेल तर त्याची परवानगी वेगळी, लेखी घ्यावी, या घराने ती दिली नाही. फाइली मिळाल्या आणि खूणसंख्या जुळल्याचा निरोप आला की त्या तारखेपासून ३० दिवसांनी फोल्डरचा प्रवेश काढावा आणि ९० दिवसांनी आपल्याकडच्या प्रती पुसाव्यात. या दोन्ही तारखा मी पावतीवरच लिहितो, कारण चौथ्या महिन्यात कोणीतरी हमखास विचारते की तो फोटो अजून आहे का.